सहा परदेशी, चार जागा: फुटबॉल मॅनेजरमध्ये शब्द देण्याआधीची बेरीज

फुटबॉल मॅनेजर हा क्लब सांभाळायचा कॉम्प्युटर गेम नव्याने सुरू करणारा माणूस सुरुवातीला डावपेचांतच बुडालेला असतो. ४-३-३ लावू की ४-२-३-१, प्रेसिंग किती वर करू, फुलबॅकला पुढे पाठवू की मागेच ठेवू. मग हंगाम निम्म्यावर येतो, दोन-तीन खेळाडू नाराज होतात, त्यांचे मित्र गाल फुगवून बसतात आणि काल-परवापर्यंत व्यवस्थित चालणारा डाव अचानक चालेनासा होतो. नवखा माणूस पुन्हा डावच बदलत बसतो. खरा घोळ बहुतेक वेळा खूप आधी झालेला असतो, करारावर सही घेताना.

म्हणून या लेखात मी मनोबल, खेळवण्याचं वचन आणि पत्रकार परिषद हे तीन विषय वेगवेगळे न घेता एकाच हिशेबात मांडणार आहे. उदाहरण इंडियन सुपर लीगचं, म्हणजे आयएसएलचं घेतो. नाशिकमधली माझ्या ओळखीची बरीच पोरं पहिला क्लब म्हणून मुंबई सिटी घेतात, कारण या लीगमध्ये महाराष्ट्राचा तोच एक संघ आहे. शिवाय आयएसएलमध्ये परदेशी खेळाडूंचा नियम असल्यामुळे हा हिशेब फार लख्ख दिसतो. लेख FM24, म्हणजे या गेमची २०२४ ची आवृत्ती धरून लिहिला आहे. FM25 फेब्रुवारी २०२५ मध्ये रद्द झाला, त्यामुळे बरेच जण अजून FM24 वरच खेळतात. FM26 मध्ये स्क्रीनची मांडणी बदलली आहे, पण खालची बेरीज तिथेही करावीच लागते.

पहिलं काम: दोन रकाने उघडा

गेम सुरू केल्यावर मी सर्वांत आधी संघाच्या यादीत दोन रकाने शेजारी-शेजारी लावतो: `Agreed Playing Time` आणि `Actual Playing Time`. यादीच्या वरच्या पट्टीवर राइट-क्लिक केलं की नवीन रकाना घालता येतो. पहिला रकाना सांगतो की त्या खेळाडूला आपण काय कबूल केलं आहे. दुसरा सांगतो की आपण त्याला प्रत्यक्षात काय देतोय. पहिल्यात `Regular Starter` म्हणजे नेहमी सुरुवातीपासून खेळणारा आणि दुसऱ्यात `Fringe Player` म्हणजे क्वचितच खेळणारा असा दर्जा दिसत असेल, तर तो खेळाडू अजून गप्प असला तरी त्याची तक्रार यायचीच आहे. नाराजीचा मेल येण्याच्या दोन-चार आठवडे आधी ही तफावत दिसू लागते, आणि तेवढ्या वेळात बरंच काही सावरता येतं.

दुसरी बघायची जागा म्हणजे `Dynamics` हे पान. तिथे संघातला एकोपा, ड्रेसिंग रूमचं वातावरण आणि मॅनेजरला असलेला पाठिंबा असे तीन निर्देशक आहेत. नवख्याने त्यांपेक्षा खालची उतरंड नीट बघावी. सगळ्यात वर `Team Leaders`, मग `Highly Influential`, मग `Influential` आणि शेवटी बाकीचे. नाराज खेळाडू या उतरंडीत कुठे बसतो, यावर त्याच्या नाराजीची किंमत ठरते. तळातला एकवीस वर्षांचा पोरगा रुसला तर तो बहुतेक एकटाच रुसतो. `Team Leaders` मधला रुसला तर चार जण त्याची बाजू घेऊन दारात उभे राहतात. त्याच पानावर मित्रांचे गटही दिसतात. परदेशी खेळाडू बऱ्याचदा भाषेमुळे किंवा देशामुळे एकाच गटात येतात, हे आपल्या उदाहरणात पुढे कामाला येईल.

दुसरं काम: जागा मोजा

FM24 मधल्या आयएसएलच्या हंगामात बारा संघ, म्हणजे साखळीचे २२ सामने. संघात सहा परदेशी ठेवता येतात, पण मैदानावर एका वेळी चारच. सामन्याच्या पहिल्या अकरांत खेळवणं म्हणजे एक सुरुवात, असं धरलं तर परदेशी खेळाडूंसाठी अख्ख्या साखळीत ४ × २२ = ८८ सुरुवाती आहेत. सगळी घासाघीस या ८८ आकड्यात आहे.

आता करारात कबूल केलेल्या प्रत्येक दर्जाचा खेळाडू साधारण किती सुरुवातींची अपेक्षा धरतो? गेम असा नेमका आकडा कुठे छापत नाही. खेळाडूचं वय, त्याचं नाव, त्याचा फॉर्म, दुखापती या सगळ्यांचा त्यात वाटा असतो, आणि दुखापत किंवा निलंबनामुळे बाहेर बसलेले सामने तो तुमच्या नावावर सहसा लावत नाही. मी स्वतः २२ सामन्यांसाठी सढळ हाताने असा अंदाज धरतो: `Star Player` ला २०, `Important Player` ला १८, `Regular Starter` ला १५, `Squad Player` ला ९, आणि `Impact Sub` ला ३ सुरुवाती व बाकी सामन्यांत बाकावरून उतरणं. हे आकडे नियम नाहीत, करार करण्यापूर्वी बेरीज करता यावी म्हणून धरलेलं माप आहे.

माझा भाचा इंदिरानगरला राहतो, बारावीनंतरच्या सुट्टीत त्याने पहिला सेव्ह, म्हणजे गेममधली स्वतःची कारकीर्द सुरू केली. त्याच्या मुंबई सिटीत सहा परदेशी होते. सेंटरबॅक आणि दहा नंबर हे दोघे `Star Player`. बचावात्मक मिडफिल्डर आणि पहिला स्ट्रायकर `Important Player`. विंगर आणि दुसरा स्ट्रायकर `Regular Starter`. कागदावर संघ देखणा होता. पण बेरीज करा: २० + २० + १८ + १८ + १५ + १५ = १०६. जागा ८८. अठरा सुरुवाती जास्तीच्या कबूल करून झाल्या होत्या आणि एकही सामना अजून खेळलेला नव्हता. किराणा दुकानदाराच्या उधारीच्या वहीसारखं आहे हे, आज कुणी मागत नाही म्हणून रक्कम मिटत नाही.

हीच सहा माणसं ठेवून बेरीज बसवायची तर दोघांना खाली आणावं लागतं. विंगर `Squad Player` म्हणजे ९, दुसरा स्ट्रायकर `Impact Sub` म्हणजे ३. आता २० + २० + १८ + १८ + ९ + ३ = ८८. बरोबर बसलं, आणि दुखापतींमुळे मोकळ्या होणाऱ्या जागा वरकड हाताशी राहिल्या. एक बारीक गोष्ट इथे विसरू नका. चार परदेशी मैदानावर असताना पाचवा उतरवायचा, तर परदेशीच बाहेर काढावा लागतो. त्यामुळे परदेशी `Impact Sub` कुणाच्या जागी उतरणार, हेही आधीच ठरलेलं असावं. दुसरा स्ट्रायकर पहिल्याच्या जागी साठाव्या-सत्तराव्या मिनिटाला उतरला तर दोघांचंही भागतं.

भारतीय खेळाडूंसाठी चार परदेशी खेळवल्यावर दर सामन्याला सात जागा उरतात, म्हणजे १५४ सुरुवाती. तिथे ताण कमी असतो. तरीही गोलरक्षकांकडे लक्ष द्या, कारण जागा एकच असते. पहिल्या पसंतीचा एक आणि बाकीचे `Backup`, याहून वेगळं काही कबूल करू नका. चषक स्पर्धा खेळवायचं मनात असेल तर `Cup Goalkeeper` हा दर्जा आहेच.

तिसरं काम: करारात दर्जाची घासाघीस

करार करताना बहुतेक नवखे पगारावर भांडतात आणि दर्जा मोकळ्या हाताने देऊन टाकतात, कारण दर्जाला पैसे पडत नाहीत असं त्यांना वाटतं. मी उलटं सांगेन. एजंट `Regular Starter` मागत असेल तर आधी एक पायरी खालचा दर्जा ठेवा आणि त्या बदल्यात पगार, सहीचे पैसे किंवा प्रत्येक सामन्यामागचा बोनस थोडा वाढवा. बरेच खेळाडू ऐकतात, विशेषतः तिशी ओलांडलेले किंवा छोट्या क्लबातून येणारे. जो अजिबात ऐकत नाही, त्याला सोडून द्या. त्याची जागा तुमच्या बेरजेत नाही, हे त्यानेच आत्ता सांगितलं, पुढे डिसेंबरात सांगितलं असतं.

करारात पुढच्या हंगामांचा दर्जाही ठरवता येतो, म्हणजे यंदा `Squad Player`, पुढच्या वर्षी `Regular Starter`, असं. तरुण खेळाडूला पटवायला ही सोय उत्तम आहे. पण तोही शब्दच असतो आणि नव्या हंगामात तो आपोआप लागू होतो. त्यामुळे दरवर्षी हंगाम सुरू होण्याआधी तो रकाना पुन्हा एकदा वरून खाली वाचून काढा.

याशिवाय एजंट वेगळी वचनं मागतो: अमुक जागेवर बळकटी आणा, अमुक स्पर्धा जिंकू असं म्हणा, ठरावीक जागेवरच खेळवा. यांतलं शक्य तेवढं काढून टाका. जे आपल्या एकट्याच्या हातात आहे तेवढंच ठेवावं. ठरलेल्या जागेवर खेळवणं आपल्या हातात असतं. नवा सेंटरबॅक आणणं मालकाच्या खिशावर अवलंबून असतं.

चौथं काम: तक्रार आली, आता काय

भाच्याच्या सेव्हमध्ये आठ सामने झाले आणि दुसरा स्ट्रायकर दारात आला. त्याला `Regular Starter` कबूल केलं होतं, आठात दोन सुरुवाती मिळाल्या होत्या, चारदा तो बाकावरून उतरला होता. डावात स्ट्रायकर एकच, त्यामुळे उरलेल्या सहा सुरुवाती पहिल्याला. भाचा लॅपटॉप घेऊन गंगापूर रोडला माझ्याकडे आला.

"मामा, जास्त खेळवतो असं म्हणून टाकू का? लगेच खूश होतोय तो."

"होईल ना खूश. पण किती सामने उरलेत?"

"चौदा."

चौदा सामने, स्ट्रायकरची जागा एक. पहिल्या स्ट्रायकरला अठरापर्यंत न्यायचं तर आणखी बारा सुरुवाती हव्यात. दुसऱ्याचं समाधान व्हायला निदान दहा. बारा आणि दहा बावीस, जागा चौदा. हे उत्तर दिलं असतं तर तो आज हसला असता आणि नाराज माणूस फक्त बदलला असता. दोन स्ट्रायकर लावले तरी सुटत नाही, कारण चारांतली एक परदेशी जागा दुसऱ्या कुणाकडून तरी काढून घ्यावी लागते.

नवख्यांनी इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अशा बोलण्यात "जास्त संधी देतो" या अर्थाचं उत्तर निवडलं की ते नुसतं गोड बोलणं राहत नाही. ते वचन म्हणून नोंदलं जातं, गेम त्यावर नजर ठेवतो आणि मुदत संपली की निकाल लावतो. मोडलेल्या वचनाची नाराजी मूळच्या नाराजीपेक्षा जास्त खोल जाते. खेळाडू सरळ क्लब सोडायची भाषा करतो, आणि तो वरच्या उतरंडीतला असेल तर वरिष्ठ खेळाडू जाब विचारायला येतात.

मग करायचं काय? मी या क्रमाने बघतो. पहिलं, नकाराला खरं कारण आहे का? त्याचं सरासरी रेटिंग खराब असेल किंवा सरावातलं रेटिंग पडलेलं असेल, तर तेच सांगा. खरं कारण दाखवलं की बरेच खेळाडू कुरकुरत का होईना मान्य करतात. खोटं कारण चालत नाही. ७.२० रेटिंगने खेळणाऱ्याला "तुझा फॉर्म नाही" म्हटलंत तर तो तिथल्या तिथे भडकतो. दुसरं, त्याचा स्वभाव काय आहे? `Professional` किंवा `Resolute` असा स्वभाव असेल तर स्पष्ट नकार पचतो. `Temperamental` असेल तर शांत सुरातच बोला, आक्रमक हातवारे निवडू नका. तिसरं, कप्तान किंवा त्याच्याच गटातला वरिष्ठ खेळाडू मध्यस्थी करायला तयार आहे का? आधी त्याच्याकडून बोलणं झालं तर काही वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

भाच्याच्या स्ट्रायकरचं रेटिंग ६.६० च्या आसपास होतं, म्हणजे कारण खरं होतं. भाच्याने तेच सांगितलं. खेळाडू खूश झाला नाही, त्याचं मनोबल घसरलं, त्याच्या गटातल्या दोघांच्या `Happiness` पानावर काळजीची नोंद दिसली. पण वचनांच्या यादीत काहीही नवीन चढलं नाही. पुढचे पाच-सहा आठवडे तो पासष्टाव्या मिनिटाला उतरत राहिला, जानेवारीची ट्रान्सफरची खिडकी उघडली तेव्हा त्याला ट्रान्सफर लिस्टवर वाजवी किमतीत टाकलं, आणि तो गेला.

कुतूहल म्हणून भाच्याने तोच सेव्ह वेगळ्या नावाने ठेवून दुसरा रस्ताही खेळून बघितला, जास्त खेळवण्याचं वचन देऊन. तीन आठवडे सगळं छान होतं. वचन पाळायला त्याला सलग सुरुवाती दिल्या, तेवढ्यात पहिला स्ट्रायकर, जो `Highly Influential` होता, त्याचा दुसरा रकाना घसरू लागला. मुदतीपर्यंत एकाचं वचन मोडलं होतं, दुसऱ्याची तक्रार आली होती, आणि परदेशी खेळाडूंचा अख्खा गट नाराज होता. ड्रेसिंग रूमच्या वातावरणाचा निर्देशक एवढ्या झपाट्याने खाली आलेला मी फार क्वचित पाहिलाय.

"बरी ऑफर आली तर जाऊ देतो" हे उत्तरही वचनच असतं, हे ध्यानात ठेवा. ते द्यायचं असेल तर मग चांगल्या ऑफरला नाही म्हणायची मुभा राहत नाही. आपण ठरवलेली किंमत त्याला अवाच्या सवा वाटली, तरी तो पुन्हा भांडायला येतो.

पाचवं काम: पत्रकार परिषद, तीही याच हिशेबात

मनोबलावर सर्वांत मोठा परिणाम निकालांचा होतो. सलग चार विजय मिळाले की बाकावरचेही खुलतात, सलग चार पराभव झाले की सगळ्यांत चांगलं वागवलेला खेळाडूही कोमेजतो. पत्रकार परिषदेने हे उलटत नाही. तिचा उपयोग एकेका खेळाडूपुरता असतो, म्हणून मी तिथे फक्त खेळाडूच्या नावाने आलेल्या प्रश्नांकडे लक्ष देतो. जेतेपदाच्या शर्यतीचे, पंचांचे, समोरच्या मॅनेजरचे प्रश्न आले की संयमी उत्तर निवडून पुढे जायचं.

नावाने प्रश्न आला की उत्तर देण्यापूर्वी तीन गोष्टी बघा: त्याचं अलीकडचं रेटिंग, त्याचं मनोबल आणि आपले दोन रकाने. चांगलं खेळणाऱ्याची स्तुती केली की त्याचं मनोबल वर जातं, पण दर आठवड्याला त्याच एकाची स्तुती करत राहिलात तर तिचा असर उरत नाही. खराब खेळणाऱ्याची खोटी स्तुती फुकट जाते. त्याच्या बाबतीत "मला त्याच्यावर विश्वास आहे" इतपत उत्तर पुरेसं असतं. जाहीर टीका मी जवळपास कधीच करत नाही. टीका करायचीच असेल तर ती चार भिंतींच्या आत, सरावाचं रेटिंग दाखवून करता येते. वर्तमानपत्रात छापून आलेली टीका त्याच्या मित्रांच्या गटापर्यंत पोचते.

ज्याच्या खेळण्याच्या वेळेवरून वाद चालू आहे त्याच्याबद्दल प्रश्न आला, तर तिथे सर्वांत जास्त जपा. भाच्याला नेमका असा प्रश्न आला होता: स्ट्रायकर नाखूश असल्याची चर्चा आहे, काय म्हणता? तिथे "तो माझ्या योजनांत महत्त्वाचा आहे" हे उत्तर मोहात पाडतं. आपण त्याला जानेवारीत विकणार असू तर ते देऊ नये. "हे आमच्यातलं आहे, बाहेर बोलणार नाही" या वळणाचं उत्तर निवडावं. त्याने तो आनंदी होत नाही, पण खोटी आशाही बांधत नाही.

खेळाडूंच्या प्रोफाइलमध्ये माध्यमांशी त्यांचं वागणं कसं आहे तेही लिहिलेलं असतं. `Outspoken` किंवा `Volatile` असलेला नाराज खेळाडू स्वतःच पत्रकारांकडे जाण्याची शक्यता जास्त, तेव्हा त्याची तफावत इतरांच्या आधी मिटवा. `Level-headed` किंवा `Reserved` असलेल्याला थोडा वेळ देता येतो.

प्रत्येक परिषदेला स्वतः बसायची गरज नाही. त्याच-त्याच प्रश्नांना कंटाळून माणूस न वाचता क्लिक करायला लागतो, आणि नको ती उत्तरं तेव्हाच जातात. `Responsibilities` मध्ये माध्यमांच्या विभागात पत्रकार परिषदा सहायकाकडे देता येतात. त्याआधी सहायकाचा स्वभाव आणि माध्यमांशी वागण्याची पद्धत पाहा. तो तापट असेल तर त्याला आपल्या वतीने बोलायला पाठवू नका, दुसरा नेमा. मी सामान्य आठवड्यांत सहायकालाच पाठवतो. ट्रान्सफरची खिडकी उघडी असताना आणि एखादी तक्रार चालू असताना मात्र स्वतः बसतो, कारण तेव्हाच नावानिशी प्रश्न येतात, आणि आपण कुणाला काय कबूल केलंय हे त्या सहायकाला आपल्याइतकं ठाऊक नसतं.